मुदत ठेवा, धाक काढा



ऑफरचा मेल म्हटला की दोन टोकाचे सल्ले ऐकायला मिळतात. एक म्हणतो, लाल अक्षरं टाका, घड्याळ लावा, ‘शेवटची संधी’ लिहा, गिऱ्हाईक घाबरलं की पैसे काढतं. दुसरा म्हणतो, असलं काही नको, नुसती माहिती द्या, ज्याला घ्यायचंय तो घेईल. माझं मत विचाराल तर दोन्ही सल्ले तुमचं नुकसान करतात. पहिल्याने विश्वास जातो आणि दुसऱ्याने ऑर्डर जाते. ऑफरला शेवटची तारीख असण्यात काहीच गैर नाही. गैर असतं ते त्या तारखेचं कारण लपवणं, ती फुगवून सांगणं आणि ती उलटून गेल्यावर काहीच न घडणं.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक मेल स्क्रीनवर ठेवून ओळीओळीने बदलून दाखवला. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून त्यामागची कारणं इथे नीट सांगतो.

मेल आहे दिवाळीचा फराळ करणाऱ्या एका ताईंचा. घरगुती काम, हाताखाली चार बायका, ईमेलच्या यादीत साडेतीनशेच्या आसपास जुने ग्राहक. नाव नको म्हणाल्या, आणि आकडे मी सोयीसाठी थोडे गोल केलेत. मेल बुधवारी, १ ऑक्टोबरला गेला. त्या वर्षी वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. मेल असा होता:

> विषय: शेवटची संधी!!! फक्त काही तास उरलेत!!!
>
> प्रिय ग्राहक,
> अजून फराळ बुक केला नाहीत???
> शेकडो हुशार गृहिणींनी आपला डबा बुक केलासुद्धा! तुम्ही मागे राहणार का?
> २,२०० रुपयांचा फराळ डबा फक्त १,५०० मध्ये!
> ऑफर आज रात्री १२ वाजता कायमची बंद!
> फक्त ५ डबे शिल्लक!!
> आत्ता बुक केलं नाहीत तर दिवाळीत मुलांपुढे काय ठेवणार?
>
> [हो, मला बचत करायची आहे]
> [नाही, मला महाग फराळ चालेल]

असा मेल लिहिणारं माणूस खोटारडं असतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. कुठून तरी नमुना मिळतो, तो आपण भरतो आणि पाठवून देतो. पण या मेलमध्ये एक फार चांगली, खरी मुदत दडलेली होती आणि तिचा मेलमध्ये एका शब्दानेही उल्लेख नव्हता. ती कशी सापडली ते आधी बघू.

पहिलं काम: तारखेमागचं कारण शोधा

मी ताईंना एकच प्रश्न विचारला. बुकिंग बंद करायचं खरंच कधी ठरलंय, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात काय बदलतं?

उत्तर असं आलं. बुकिंग खरं तर रविवारी, ५ ऑक्टोबरला रात्री ९ वाजता बंद करायचं होतं. ‘आज रात्री १२’ हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं होतं. आणि रविवारच का, तर डब्यात अनारसे आहेत म्हणून.

अनारसे ज्यांनी केलेत त्यांना हे सांगायची गरज नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग निथळून, सावलीत कापडावर पसरून, किंचित ओलसर असतानाच दळायचे, गूळ मिसळायचा आणि ते पीठ चार-पाच दिवस मुरू द्यायचं. याला शॉर्टकट नाही. घाई केली की अनारसा तुपात फसतो, जाळी पडत नाही. आता हिशेब करा. रविवारी रात्री तांदूळ भिजवले तर गुरुवारी, ९ तारखेला दळण आणि गूळ. पीठ मुरून १३-१४ तारखेला तयार. १४ आणि १५ला तळण, १६ला डबे पोहोचवायचे, १७ला वसुबारस. किती डब्यांचे तांदूळ भिजवायचे हे रविवारी रात्री कळलंच पाहिजे. सोमवारी आलेल्या ऑर्डरीचे अनारसे वेळेत होणारच नाहीत.

बघा, किती भक्कम मुदत आहे ही! हिच्यापुढे ‘आज रात्री १२ वाजता कायमची बंद’ हे किती पोकळ वाटतं.

मग दुसरा प्रश्न, सवलत का? डबा एरवी १,६५० रुपयांना जातो. रविवारपर्यंत सांगणाऱ्यांना १,५००. कारण एकूण किती किलो बेसन, तूप, भाजणी लागणार हे आधी कळलं की माल एकदम घाऊकमध्ये घेता येतो, आणि अंदाजाने जास्त करून ठेवलेला फराळ अंगावर पडत नाही. त्यातून जे वाचतं त्यातले दीडशे रुपये लवकर सांगणाऱ्या ग्राहकाला. हेही खरं, हेही सांगण्यासारखं, आणि हेही मेलमध्ये नव्हतं.

तुमच्या धंद्यातही हाच प्रश्न विचारा. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी नेमकं काय बदलतं? छापखान्यात प्लेट चढते, कापडाचा तागा कापला जातो, बॅच सुरू होते, कुरिअरची शेवटची गाडी निघते. जे बदलतं ते तुमचं कारण.

दुसरं काम: प्रत्येक ओळ खरी की खोटी ते ठरवा

आता जुना मेल घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर विचारा, ग्राहकाने याचा पुरावा मागितला तर मी दाखवू शकेन का?

‘आज रात्री १२’: खोटं. खरी वेळ रविवार रात्री ९. आणि याचा तोटा किती मजेशीर आहे बघा. बुधवारी रात्री बारानंतर ज्यांनी मेल उघडला त्यांनी समजून घेतलं की ऑफर संपली. म्हणजे चार दिवस विक्री चालू असताना ताईंनी स्वतःच दुकानाला कुलूप लावलं. आणि शनिवारी जेव्हा त्यांचा दुसरा मेल जाणार, ‘ऑफर उद्यापर्यंत’, तेव्हा पहिला मेल खोटा होता हे उघड होणार.

‘फक्त ५ डबे शिल्लक’: खोटं. चार बायकांच्या हाताने १२० डबे होतात. बुधवारी सकाळपर्यंत ७४ नोंदले गेले होते. म्हणजे ४६ शिल्लक. ४६ हा आकडा लपवण्यासारखा आहे का? मला तर उलट तो चांगला वाटतो. ७४ जणांनी आधीच सांगितलंय ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि ती खरी आहे. ‘शेकडो हुशार गृहिणी’ लिहायची गरजच नाही.

‘२,२०० चा डबा’: खोटं. त्या किमतीला एकही डबा कधी विकला गेलेला नाही. गेल्या वर्षीचा जुना ग्राहक ही यादी वाचतोय, त्याला मागच्या वर्षी काय दिलं ते आठवतं. खरी सवलत दीडशे रुपयांची आहे. ती दीडशेच लिहायची.

‘मुलांपुढे काय ठेवणार?’ आणि ‘मला महाग फराळ चालेल’ हे बटण: यात खरं-खोटं काही नाही, यात टोमणा आहे. नाही म्हणणाऱ्याला लाज वाटावी अशी रचना. घरी आजारपण असेल, सुतक असेल, सासूबाई स्वतः फराळ करत असतील. कोणाच्या घरात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. नाही म्हणणं सोपं आणि सन्मानाचं असलं पाहिजे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती फक्त चांगुलपणाची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार दिलेत. खोटी घाई निर्माण करणं, म्हणजे माल संपत आलाय किंवा वेळ संपत आलीय असं खोटं भासवणं, हा त्यातला एक. नाही म्हणणाऱ्याला लाजवणं हा दुसरा. आणि या सूचना फक्त मोठ्या ॲपसाठी नाहीत, विक्रेते आणि जाहिरातदारही त्यात येतात. ‘मी छोटा आहे, मला कोण विचारतं’ असं म्हणून सवय लावून घेऊ नका. धंदा वाढतो तेव्हा सवयीही सोबत येतात.

तिसरं काम: पुन्हा लिहा, पण मिळमिळीत नको

इथे बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. खोटं काढलं की मेल असा होतो: ‘जमल्यास कृपया ऑर्डर द्यावी ही विनंती.’ मुदत कुठेतरी खाली, बारीक अक्षरात. हेही ग्राहकावर अन्यायच आहे. ज्याला अनारसे हवे होते त्याला रविवारनंतर कळलं की आता मिळणार नाहीत, तर तो म्हणेल, आधी ठळक सांगायचं ना! खरी मुदत असेल तर ती सगळ्यात वर, वार, तारीख आणि वेळेसकट आलीच पाहिजे.

ताईंचा नवा मेल असा झाला:

> विषय: फराळाचा डबा १,५०० रुपयांत: नोंदणी रविवार, ५ ऑक्टोबर, रात्री ९ पर्यंत
>
> नमस्कार,
>
> दिवाळीच्या डब्याची आगाऊ नोंदणी येत्या रविवारी, ५ ऑक्टोबरला रात्री ९ वाजता बंद होईल. तोपर्यंत डबा १,५०० रुपयांना आहे, त्यानंतर नेहमीप्रमाणे १,६५०.
>
> डब्यात चकली, चिवडा, बेसन लाडू आणि शंकरपाळे प्रत्येकी अर्धा किलो, आणि १२ अनारसे. डबे गुरुवारी, १६ ऑक्टोबरला घरपोच येतील.
>
> रविवारच का? अनारशांचे तांदूळ त्याच रात्री भिजत घालायचे आहेत. तीन दिवस भिजवणं, दळणं आणि पीठ मुरवणं यात आठवडा जातो. उशिरा भिजवले तर वसुबारसेच्या आधी अनारसे होत नाहीत. शिवाय किती डबे हे आधी कळलं की सामान एकदम घेता येतं. तुमचे १५० रुपये त्यातूनच वाचतात.
>
> यंदा आम्ही १२० डबे करणार आहोत. आज, बुधवारी सकाळी १० पर्यंत ७४ नोंदले गेलेत. १२० पूर्ण झाले तर रविवारच्या आधीही नोंदणी थांबवावी लागेल.
>
> रविवार चुकला तर? डबे उरले असतील तर १० ऑक्टोबरपर्यंत १,६५० रुपयांत मिळतील, पण त्यात अनारशांऐवजी करंज्या असतील.
>
> घरी विचारून ठरवायचं असेल तर सावकाश विचारा, शनिवारी आम्ही एकदा आठवण करू. यंदा फराळ नको असेल तर या मेलला ‘यंदा नको’ एवढंच उत्तर द्या, या दिवाळीचे मेल पुन्हा येणार नाहीत.
>
> [डबा नोंदवा]

आता मला सांगा, घाई कमी झाली का? माझ्या मते वाढली. जुना मेल वाचून माणूस म्हणतो, ‘हे नेहमीचंच.’ नवा मेल वाचून म्हणतो, ‘अगं, रविवारच्या आत सांगायला हवं, नाहीतर अनारसे जातील.’ फरक एवढाच की दुसऱ्या वाक्यातली काळजी त्याची स्वतःची आहे. तुम्ही ती त्याच्यावर लादलेली नाही.

दोन बारकावे सुटू नयेत. एक, शिल्लक आकड्यासोबत वेळ लिहिलीय: ‘आज, बुधवारी सकाळी १० पर्यंत’. मेल कोणी शुक्रवारी उघडला तरी तो आकडा खोटा ठरत नाही. दोन, ‘रविवार चुकला तर काय’ हे सांगितलंय. अनेकांना वाटतं की हे सांगितलं तर लोक निवांत होतील. पण पर्याय कमी चांगला आहे, दीडशेने महाग आणि अनारशांशिवाय, आणि तसाच तो सांगितलाय. खरं पूर्ण सांगितलं की ग्राहक आपण होऊन योग्य बाजूला झुकतो. आणि ज्याला अनारसे आवडतच नाहीत, तो पगार झाल्यावर सावकाश १,६५० देऊन घेईल. तोही तुमचाच ग्राहक.

आठवणीचे मेल दोनच: शनिवारी सकाळी एक, रविवारी सकाळी एक. दोन्हीत नवा आकडा, तीच तारीख, तीच वेळ, चार ओळींत. ज्यांची ऑर्डर आली किंवा ज्यांनी ‘यंदा नको’ कळवलं, त्यांची नावं त्या यादीतून काढा. पैसे भरलेल्या माणसाला ‘अजून बुक केलं नाहीत?’ असा मेल जाणं यासारखा अपमान नाही.

खरी परीक्षा रविवारी ९ नंतर

मेल कितीही सुंदर लिहा, त्याची किंमत ठरते रविवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी. तेव्हा एक जुन्या ग्राहक काकू फोन करतात, ‘अगं, राहूनच गेलं, माझा एक डबा घे ना दीड हजारात.’ काय कराल?

माझं मत स्पष्ट आहे: १,५०० रुपयांत नाही. गोड बोला, करंज्यांचा डबा द्या, तोही हवा तर लगेच नोंदवा. पण सवलत आणि अनारसे नाहीत. कारण रविवारच्या आत पैसे भरलेल्यांना तुम्ही शब्द दिलाय. काकूंना दिलंत तर ते सोसायटीत कळतं, आणि पुढच्या वर्षी तुमची तारीख म्हणजे नुसती शोभा. सोमवारी सकाळी ‘लोकाग्रहास्तव मुदत वाढवली’ असा मेल पाठवणं हे तर त्याहून वाईट. तो मेल सांगतो की तांदूळ वगैरे सगळी गोष्ट होती.

अपवाद एकच. चूक तुमच्या बाजूची असेल, म्हणजे रविवारी संध्याकाळी पैसे भरायची लिंकच बंद पडली, तर मुदत जरूर वाढवा. पण फोन करणाऱ्या एकालाच नाही, सगळ्यांना मेल करून, कारण लिहून, आणि तांदळाचं गणित बसेल तेवढीच: ‘लिंक ७ ते ९ बंद होती, म्हणून नोंदणी आज रात्री ११ पर्यंत चालू ठेवतोय.’ अशी वाढवलेली मुदत कोणाला खटकत नाही.

कारणच नसेल तर?

हा प्रश्न तुमच्यातले बरेच जण विचारतील. प्रत्येकाकडे अनारसे नसतात. समजा तुम्ही टॅलीचे ऑनलाइन क्लास घेता. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आहेत, संपायला काही नाही. मग सवलतीला शेवटची तारीख द्यायचीच नाही का?

द्या की! तारीख तुम्ही ठरवलेली असली तरी ती प्रामाणिक असू शकते. फक्त कारण बनवू नका. ‘जागा भरत आल्यात’ लिहू नका, कारण रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला जागा नसतात. सरळ लिहा: ‘ही सवलत आम्ही वर्षातून दोनदा देतो, यावेळी ३१ तारखेपर्यंत आहे, पुढची सहा महिन्यांनी.’ एवढं सांगा आणि पाळा. ‘परत कधीच नाही’ लिहून पुढच्याच महिन्यात तीच ऑफर काढलीत, तर ग्राहक वाट बघायला शिकतो. मग पूर्ण किमतीला कोणीच घेत नाही आणि सवलत हीच तुमची खरी किंमत होऊन बसते.

शेवटी, जमतंय की नाही हे ओळखायचं कसं? फक्त पहिल्या दिवसाच्या ऑर्डरी मोजू नका. ओरडणाऱ्या मेलवर पहिल्या काही तासांत जास्त ऑर्डरी येऊही शकतात, ते मी नाकारत नाही. पण त्यातल्या किती रद्द झाल्या, किती जण यादीतून बाहेर पडले आणि मागच्या वर्षीचे किती जण यंदा परत आले, हेही वहीत लिहा. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे येणारे प्रश्न. मुदत संपायच्या आधीच लोक विचारत असतील, ‘नंतर पण याच भावात मिळेल ना?’, तर समजा की तुमच्या तारखेवर त्यांचा विश्वास नाही. तेच लोक विचारू लागले, ‘आज रविवार आहे, ९ वाजले नाहीत ना अजून?’, तर समजा की तुमची मुदत खरी झाली.

तर आज एवढंच करा. तुमचा शेवटचा ऑफरचा मेल उघडा आणि त्यातल्या तारखेसमोर एका ओळीत लिहा, दुसऱ्या दिवशी काय बदललं. ती ओळ लिहिता आली, तर पुढच्या मेलमध्ये तीच वापरा. आली नाही, तर कारण रचत बसू नका. तारीख सरळ सांगा आणि दिलेल्या वेळेला ऑफर खरंच बंद करा.